जाडी वाढवली तरी नळी का फुटते?

जाड पोलादी नळीत तेल प्रचंड दाबाने भरले आहे. आतली त्रिज्या ५ सेंटिमीटर, बाहेरची १०, आणि तेलाचा दाब ६० मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सहाशे पट. तेल नळीला बाहेर ढकलते आणि नळीचा प्रत्येक थर किंचित फुगतो. प्रश्न असा की सगळे थर हा भार सारखा वाटून घेतात का?

फ्रेंच अभियंता आणि गणिती गाब्रिएल लामे यांनी एकोणिसाव्या शतकात याचे उत्तर काढले. केंद्रापासून r अंतरावरचा थर u इतका बाहेर सरकला, तर त्याचा परीघ r ला r + u झाला की ज्या प्रमाणात वाढतो तेवढा ताणला जातो; म्हणजे परिघाच्या दिशेने ताणण्याचे प्रमाण u/r. त्रिज्येच्या दिशेने ते u', म्हणजे अंतरागणिक u किती बदलतो ते. प्रत्येक थरावरच्या बलांचा तोल सांभाळला जावा अशी अट घातली की हे समीकरण मिळते:

r²u'' + ru' − u = 0

इथे u'' आणि u' यांच्या मागे r² आणि r आहेत, स्थिर आकडे नाहीत. सहगुणक बदलते असले की अशी द्वितीय क्रमाची समीकरणे सहसा सहजी सुटत नाहीत. हे मात्र सुटते. एकदा विकलन केले की लांबीने एकदा भागल्यासारखे होते. त्यापुढचा r तो भागाकार भरून काढतो. दोनदा विकलन केले तर r² भरून काढतो. त्यामुळे r सेंटिमीटरमध्ये मोजा की मीटरमध्ये, समीकरण जसेच्या तसे राहते. त्याच्या पोटात स्वतःची अशी कुठलीही लांबी नाही.

म्हणून उत्तर u = rᵐ या रूपात शोधायचे. मग u' = mrᵐ⁻¹ आणि u'' = m(m−1)rᵐ⁻². मागच्या r आणि r² ने गुणल्यावर तिन्ही पदांत तोच rᵐ उरतो. तो बाहेर काढला की राहते:

m(m−1) + m − 1 = 0, म्हणजे m² = 1

विकलक समीकरण गेले, शाळेतले वर्गसमीकरण उरले. m = 1 किंवा −1; म्हणून u = Ar + B/r. भरीव दांड्यात केंद्राशी r शून्य होतो आणि B/r अनंताकडे जातो, म्हणून तिथे B शून्यच घ्यावा लागतो. नळीला केंद्रच नसल्याने दोन्ही पदे टिकतात.

आता ताण काढू. u/r घेतल्यामुळे परिघाच्या दिशेचा ताण C + D/r² या रूपात येतो आणि त्रिज्येच्या दिशेचा C − D/r². आतल्या पृष्ठभागावर त्रिज्येच्या दिशेने ६० चा दाब हवा, बाहेर शून्य हवा. आकडे घातले की C = 20, D = 2000. म्हणून परिघाचा ताण आतल्या कडेला २० + ८० = १०० मेगापास्कल आणि बाहेरच्या कडेला २० + २० = ४०.

भार सारखा वाटला असता तर प्रत्येक थरावर ६० आला असता. प्रत्यक्षात आतला थर बाहेरच्या थराच्या अडीचपट राबतो आणि बाहेरचा बराचसा आरामात असतो. मग नळी आणखी जाड करावी? बाहेरची त्रिज्या २० केली तर आतला ताण ६८ वर येतो. त्यापुढे कितीही धातू ओतला तरी तो ६० च्या खाली कधीच उतरत नाही. म्हणजे बिडासारखा ठिसूळ धातू दाबाइतकाही ताण सोसू शकत नसेल, तर जाडी वाढवून तो वाचत नाही. म्हणूनच तोफांच्या नळीवर तापवून फुगवलेला दुसरा नळा चढवत. तो निवताना आवळतो आणि आतला थर आधीच दाबून ठेवतो. बाहेरचा धातू असा कामाला लागतो.

ही युक्ती दोन ठिकाणी जपून वापरावी लागते. वाफेच्या नळीच्या भिंतीतले स्थिर तापमान r²T'' + rT' = 0 या समीकरणाने ठरते. त्यात m² = 0 येते, दोन्ही मुळे शून्य. घातातून एकच उत्तर, स्थिरांक, मिळते. दुसरे ln r असते. ते विसरले तर आत-बाहेरची तापमाने एकाच वेळी जुळवता येत नाहीत. दुसरी अडचण समीकरणात r²u सारखे पद शिरले की येते, जसे गोल ढोलाच्या कातड्याच्या कंपनात. rᵐ घालून पाहिले की त्या पदात rᵐ⁺² येतो आणि तो इतर पदांबरोबर बाहेर निघत नाही. तिथे समीकरणात तरंगाची स्वतःची लांबी आलेली असते, आणि एकट्या घाताने काम भागत नाही. बेसेलची फलने लागतात.