बढतीसाठी ऑनलाइन पदवी चालते का? आधी वाचा पदोन्नतीचा नियम

सातारा, कराड, इस्लामपूर, मिरज, कुपवाड... औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत, बँकांत, साखर कारखान्यांच्या कार्यालयांत दहा-बारा वर्षे नोकरी केलेल्या अनेकांची बढती एका पदवीपाशी अडते. नोकरी सोडून कॉलेजला जाणे शक्य नसते. मग मोबाइलवर ऑनलाइन पदवीची जाहिरात दिसते आणि ‘यूजीसी मान्य’ हे दोन शब्द वाचून पैसे भरले जातात. पदवी मान्य असणे आणि त्या पदवीवर बढती मिळणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोटाळा होतो तो नेमका इथेच.

ऑनलाइन आणि नियमित पदवी समान आहे का?

कागदावर हो. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ४ सप्टेंबर २०२० रोजी दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नवे विनियम अधिसूचित केले. मान्यताप्राप्त संस्थेकडून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानावी, असे त्यात म्हटले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने स्वतंत्र सूचना काढून तेच पुन्हा स्पष्ट केले.

समकक्षता मिळते ती पदवीला. बढती मात्र मालक देतो आणि त्याच्या नियमानुसारच देतो. नियमात ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी’ एवढेच लिहिले असेल, तर ऑनलाइन पदवीधराची बाजू भक्कम असते. ‘नियमित पूर्णवेळ पदवी’ असे लिहिले असेल, तर तिथेच वाद सुरू होतो. सरकारी, निमसरकारी नोकरीत सेवाप्रवेश नियम पाहायला मिळतात. खासगी कारखान्यात बढतीचे धोरण एचआरच्या फाइलमध्ये असते आणि पर्यवेक्षकाला ते क्वचितच दाखवले जाते. म्हणून फी भरण्याआधी लेखी अर्ज करून उत्तर मागणे शहाणपणाचे. साहेब तोंडी ‘चालेल की’ म्हणाले होते, हे पुढे साहेब बदलल्यावर सिद्ध करता येत नाही. सरकारी कर्मचाऱ्याने अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याआधी वरिष्ठांची परवानगीही घेऊन ठेवावी. नंतर सेवापुस्तकात पात्रतेची नोंद करताना ती मागितली जाते.

अभियंत्यांचे काय?

सर्वाधिक फसगत इथे होते. मिरजेतल्या एखाद्या कारखान्यातला यांत्रिकी पदविकाधारक समजा. वीस वर्षांपूर्वी पॉलिटेक्निक केले, आज तो शिफ्ट पर्यवेक्षक आहे आणि सहायक व्यवस्थापक होण्यासाठी बी. ई. किंवा बी. टेक. हवे आहे. त्याला ऑनलाइन बी. टेक.चे आमिष कोणी दाखवले, तर पुढचे काही ऐकण्याचे कारण नाही. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण, वास्तुरचना, विधी, कृषी या शाखांच्या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाहीत. पीएचडीही नाही.

यामागे एक कडू इतिहास आहे. ओडिशाच्या लिफ्ट इरिगेशन महामंडळातील अभियंत्यांच्या पदोन्नतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रश्न होता चार अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा. न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निकाल दिला. २००१ ते २००५ या काळातील प्रवेशांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्या पदवीधरांना एआयसीटीईची परीक्षा देण्याची संधी मिळाली, फार तर दोन वेळा. त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या तर रद्दच झाल्या. अशा पदवीवर मिळालेली बढतीही परत घेतली जाईल, मात्र मिळालेला पैसा वसूल करू नये, असे न्यायालयाने सांगितले. पगाराचा फरक वाचला, पण पद गेले. प्रवेश घेताना या अभियंत्यांपैकी अनेकांना आपण काही चुकीचे करतो आहोत याची कल्पनाही नसेल.

मग मिरजेच्या पर्यवेक्षकाने काय करायचे? एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी अभियांत्रिकीचे वर्ग सोयीच्या वेळेत, म्हणजे मुख्यतः संध्याकाळी, चालवण्याची मुभा मान्यताप्राप्त महाविद्यालयांना दिली आहे. किमान एक वर्षाचा पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो आणि नोकरीचे ठिकाण महाविद्यालयापासून ठरावीक अंतरात असावे लागते. पदविकाधारकाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळत असल्याने पदवी तीन वर्षांची होते. इथे वर्गात बसावे लागते, प्रात्यक्षिक करावे लागते. सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा भागातल्या आपल्या जवळच्या महाविद्यालयाला यंदा अशा तुकडीची मंजुरी आहे का आणि आपली शाखा त्यात आहे का, हे प्रवेशाच्या आधी तिथे जाऊन विचारावे. अडचण उरते ती फिरत्या शिफ्टची. रात्रपाळी आणि दुसरी पाळी आलटून पालटून करणाऱ्याला संध्याकाळचा वर्गही जमत नाही. कारखान्याने पहिली पाळी कायम ठेवण्याचे लेखी दिले, तरच हा रस्ता खरा.

नियमित एमबीए, एम. कॉम. नोकरी सांभाळून करता येते का?

दिवसाच्या वर्गांना ७५ टक्के हजेरीची अट असते. साताऱ्यात सकाळी नऊ ते सहा नोकरी करणाऱ्याची ती भरणार नाही, हे उघड आहे. तरी ‘हजेरीचे आम्ही बघतो’ म्हणणारे भेटतात. हा धोका ऑनलाइन पदवीपेक्षा मोठा आहे. बढतीच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी होते. ज्या दिवशी कॉलेजच्या हजेरीपटावर सही आहे, त्याच दिवशी कारखान्याच्या बायोमेट्रिक यंत्रातही नोंद आहे, हे तिथे दिसते. मग प्रश्न पदवीचा न राहता शिस्तभंगाचा होतो.

वाणिज्य, व्यवस्थापन, कला या शाखांत म्हणूनच नोकरदाराने दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी उघडपणे घ्यावी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात सातारा आणि सांगली दोन्ही येतात आणि या विद्यापीठाचे दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रेही दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांत आहेत. यात एक भेद लक्षात ठेवावा. दूरस्थ शिक्षणात अभ्यासकेंद्र असते आणि राज्य विद्यापीठाला ते आपल्या हद्दीतच चालवता येते. ऑनलाइनला हद्द नाही, तसेच अभ्यासकेंद्रही नाही. त्यामुळे परराज्यातल्या विद्यापीठाचे ‘ऑनलाइन पदवीचे अधिकृत केंद्र’ अशी पाटी एखाद्या गाळ्यावर दिसली, तर ती पाटीच संशयाचे कारण समजावे. फ्रँचायझी देऊन पदवी शिकवायला आयोगाची मनाई आहे.

मान्यता कशी तपासायची?

मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमानुसार आणि सत्रानुसार असते. एखाद्या विद्यापीठाचा ऑनलाइन एमबीए मान्य आणि त्याच विद्यापीठाचा दुसरा अभ्यासक्रम अमान्य, असे होऊ शकते. deb.ugc.ac.in या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम, पद्धत आणि आपण प्रवेश घेत आहोत ते सत्र, या चारही गोष्टी एकाच यादीत जुळल्या पाहिजेत. त्या पानाची छापील प्रत काढून फाइलला लावावी. चार वर्षांनी पडताळणी झाली, तर तीच कामाला येते.

२०२४ च्या सप्टेंबरपासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा ‘डीईबी आयडी’ सक्तीचा आहे. आधी अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक काढायचा, मग त्याआधारे याच संकेतस्थळावर हा आयडी तयार करायचा. तो स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर, स्वतः काढावा. प्रवेश देणारा ‘त्याची गरज नाही, आम्ही मागच्या सत्रात दाखवू’ म्हणाला, तर फीची पावती होण्याआधीच तिथून उठावे.