‘माझ्या कडे’ की ‘माझ्याकडे’? मधल्या एका रिकाम्या जागेची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. (आणि हो, ‘त्यांच्यासाठी’ हा एकच शब्द आहे. आज तेवढंच बोलायचंय.)

सुरुवातीला एक मेसेज बघू. मुद्दाम रचलेला आहे, पण तुमच्या फॅमिली ग्रुपमध्ये सहज सापडेल असा:

‘बाबांची साठी रविवारी आहे. त्यांच्या साठी घड्याळ घेतलंय. ते सध्या माझ्या कडे आहे. माझ्या मते तू माझ्या जवळच्या मैत्रिणीलाही बोलव. आणि येताना तुझ्या बरोबर दादाला आण.’

यात ‘माझ्या’, ‘तुझ्या’, ‘त्यांच्या’ यांच्यानंतर पाच वेळा जागा सोडली आहे. तीन ठिकाणी ती चुकली आहे, दोन ठिकाणी बरोबर आहे. कुठली तीन, हे आत्ताच मनाशी ठरवून ठेवा. पुढे ताडून बघता येईल.

आधी शाळेतली एक जुनी ओळख काढू. साठी, कडे, वर, खाली, बरोबर, शिवाय, पेक्षा, मुळे, विषयी या मंडळींना आपण शब्दयोगी अव्यय म्हणतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’ उघडून बसलेल्यांना ही यादी पाठ असते. पण यादीपेक्षा ते नावच नीट ऐका: शब्द-योगी. शब्दाशी ज्याचा योग होतो, म्हणजे जे शब्दाला जोडून येतं, ते. नियम नावातच लिहिलेला आहे. आधीच्या शब्दाचं सामान्यरूप करायचं आणि अव्यय त्याला चिकटवायचं. घर, घरा, घरासाठी.

नामांच्या बाबतीत आपण फारसे चुकत नाही. ‘घरा साठी’ असं सुटं लिहिलेलं क्वचितच दिसतं. कारण ‘घरा’ एकटं उभं राहिलं की लंगडं वाटतं, पुढे काहीतरी हवं असं डोळ्यालाच कळतं. ‘माझ्या’चं तसं नाही. ‘माझ्या घरी’, ‘माझ्या आईला’, ‘माझ्या गाडीत’. ‘माझ्या’ हा रोज एकटा फिरणारा, पूर्ण दिसणारा शब्द आहे. म्हणून ‘माझ्या’ लिहून झालं की हात थांबतो, जागा सोडतो आणि मग ‘कडे’ लिहितो. चूक नियम माहीत नसल्यामुळे कमी आणि ‘माझ्या’च्या या दुहेरी भूमिकेमुळे जास्त होते.

ही दुहेरी भूमिका समजली की बाकीचं सोपं आहे. ‘माझ्या घरी’ मध्ये ‘माझ्या’ हा घर कोणाचं ते सांगतो. ‘माझ्याकडे’ मध्ये कोणाचंच काही नाही. ‘कडे’ नावाची माझी काही वस्तू नाही. इथे ‘माझ्या’ म्हणजे फक्त ‘मी’चं सामान्यरूप, घर-घरा तसं मी-माझ्या. जुन्या मराठीत यासाठी वेगळं रूप होतं: मजकडे, तुजसाठी. ती रूपं कवितेत उरली आणि रोजच्या बोलण्यात त्यांची जागा ‘माझ्या’, ‘तुझ्या’नं घेतली. सरकारी पत्रांत ‘आपलेकडील’, ‘यांचेकडून’ असं अजून वाचायला मिळतं, तीही याच कामाची जुन्या वळणाची रूपं. गंमत म्हणजे तिथे बहुतेक वेळा जोडूनच लिहिलेलं असतं. ऑफिसच्या मराठीला आपण उगाच नावं ठेवतो.

‘माझ्या’ इथे सामान्यरूपच आहे याचा पुरावा हवा? ‘माझ्यात’, ‘तुझ्याशी’, ‘त्याच्यात’ बघा. त, शी हे विभक्तीचे प्रत्यय त्याच ‘माझ्या’, ‘तुझ्या’ला लागतात. ‘तुझ्या शी बोलायचंय’ असं कोणी लिहीत नाही, लिहिलं तर हसू येईल. मग ‘तुझ्या विषयी बोलायचंय’ हे तरी का चालावं? ‘विषयी’ लांब आहे, सुट्या शब्दासारखा दिसतो, एवढाच फरक. लांबीवरून जोडायचं की तोडायचं ते ठरत नाही.

हिंदीचाही थोडा हात आहे. हिंदीत ‘उसके लिए’, ‘मेरे पास’, ‘मेरे साथ’ हे सुटंच लिहितात आणि त्या भाषेत ते अगदी योग्य आहे. दिवसभर हिंदी सबटायटल्स आणि जाहिराती वाचणारा डोळा तोच साचा मराठीवर बसवतो. त्यातून फोनचा कीबोर्ड! ‘त्या’ टाइप केलं की वर ‘त्याच्या’ सुचवलं जातं, त्यावर टॅप केलं की पुढे बहुधा आपोआप जागा सुटते. मग ‘साठी’वर टॅप. तुम्ही स्पेसबारला हातही लावला नाही, तरी शब्द तुटला. उपाय एवढाच की ‘त्याच्या’ नंतर एकदा बॅकस्पेस दाबा किंवा ‘त्याच्यासा’ पर्यंत हातानं लिहा. तीन-चार वेळा अख्खा शब्द लिहिलात की बरेच कीबोर्ड तो लक्षात ठेवतात.

आता कोणी म्हणेल, अर्थ कळतोय ना, मग बास. नेहमी कळत नाही. मेसेजमधल्या ‘त्यांच्या साठी’वर परत या. आधीच्याच वाक्यात बाबांची ‘साठी’ आहे, म्हणजे साठ वर्षं पूर्ण होणं. लगेच पुढे सुटं ‘साठी’ आलं की डोळा अडखळतो: त्यांच्या साठीला घेतलं की त्यांच्याकरता घेतलं? जोडून लिहिलं की शंका मिटते. ‘बाबांच्या साठीसाठी घड्याळ घेतलंय’ हेसुद्धा शुद्ध मराठी आहे: पहिली ‘साठी’ नाम म्हणून सुटी, दुसरी अव्यय म्हणून चिकटलेली.

‘बरोबर’चंही असंच. ‘तुझ्याबरोबर दादाला आण’ म्हणजे सोबत आण. पण ‘तुझ्या बरोबर उत्तराला दोन गुण’ इथे ‘बरोबर’ हे विशेषण आहे, उत्तर कसं तर बरोबर. इथली जागा हवीच. ती काढून ‘तुझ्याबरोबर उत्तराला’ केलं की वाक्य कोसळतं.

आणि ‘कडे’? ‘तिच्याकडे बाळ आहे’ आणि ‘तिच्या कडेवर बाळ आहे’. पहिल्यात बाळ तिच्या घरी पाळण्यात झोपलेलंही असेल. दुसऱ्यात ‘कडेवर’ म्हणजे कमरेवर घेतलेलं, तिथे ‘कड’ हे चक्क नाम आहे. ‘रस्त्याच्या कडेला’ मध्येही तेच. म्हणून ही दोन्ही सुटी.

यावरून एक चाचणी हाताशी येते. मधल्या जागेत एखादं विशेषण घालून बघा. ‘तिच्या डाव्या कडेवर’ चालतं. ‘तुझ्या अगदी बरोबर उत्तराला’ चालतं. ‘माझ्या वैयक्तिक मते’ चालतं. म्हणजे पुढे नाम आहे, जागा राहू द्या. आता ‘माझ्या मोठ्या कडे’, ‘त्यांच्या नव्या साठी’ (भेटीच्या अर्थानं) करून बघा. होत नाही. मध्ये काही शिरत नसेल तर तो एकच शब्द आहे, जोडा. ‘त्याच्या वतीने’, ‘तिच्या हस्ते’, ‘माझ्या मदतीने’ हे शब्द अव्ययांसारखे वागतात, पण त्यांच्या आत वत, हस्त, मदत ही नामं बसलेली आहेत, म्हणून ते सुटे. ‘त्याच्यामार्फत’, ‘तुझ्याशिवाय’, ‘माझ्यापेक्षा’ मात्र जोडून.

मेसेजचा निकाल लावू. ‘त्यांच्यासाठी’, ‘माझ्याकडे’, ‘तुझ्याबरोबर’ हे तीन जोडायचे. ‘माझ्या मते’ सुटं बरोबर. ‘माझ्या जवळच्या मैत्रिणीला’ हेही सुटं बरोबर, कारण मैत्रीण कशी, तर जवळची. पण ‘माझ्याजवळच्या पैशांतून घड्याळ घेतलं’ म्हटलं की पैसे माझ्यापाशी असलेले, तिथे जोडायचं. शब्द तोच, काम वेगळं.

‘वर’च्या बाबतीत थोडं सांभाळून. ‘माझ्यावर विश्वास ठेव’ हे जोडूनच. पण सोसायटीत राहणारे म्हणतात, ‘ते माझ्या वर राहतात’. म्हणजे वरच्या मजल्यावर. इथे ‘वर’ सुटा क्रियाविशेषण आहे आणि बोलतानाही आपण मध्ये किंचित थांबतो. ‘ते माझ्यावर राहतात’ लिहिलं तर बिचाऱ्या शेजाऱ्यांचं घरभाडं तुम्ही भरता असं वाटेल. मी तरी अशा वेळी सरळ ‘माझ्या वरच्या मजल्यावर’ लिहीन.

अजून एक फरक, हा जागेचा नाही पण नेहमी याच ठिकाणी घोळ होतो. ‘त्यासाठी’ आणि ‘त्याच्यासाठी’. ‘मी त्यासाठी आलोय’ म्हणजे त्या कामासाठी. ‘मी त्याच्यासाठी आलोय’ म्हणजे त्या माणसासाठी. बोलताना कामालाही ‘त्याच्यासाठी’ म्हटलं जातं, पण लिहिताना हा भेद पाळला तर वाचणाऱ्याचे कष्ट वाचतात. ‘तिच्या’, ‘माझ्या’ला ही सोय नाही, कारण ‘तीसाठी’ असं काही आपण म्हणत नाही.

ज्यांच्याकडे जुना मजकूर दुरुस्त करायचं काम आहे, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, कॉलेजचा अंक, दुकानाची पोस्ट, त्यांना एक इशारा. सगळीकडे एकदम ‘शोधा आणि बदला’ चालवू नका. ‘साठी’च्या आधीची जागा सरसकट काढली की ‘बाबांची साठी’चं ‘बाबांचीसाठी’ होतं. मग वाटतं, फक्त ‘च्या’ नंतरची काढू. ‘च्या कडे’ बदलून ‘च्याकडे’ केलं की ‘त्यांच्या कडे’ सुधारतं, पण ‘रस्त्याच्या कडेला’चं ‘रस्त्याच्याकडेला’ होऊन बसतं. शोधायला फोनची मदत घ्या, बदलायचं मात्र एकेक वाचून. दुरुस्ती करायला हवी याचं अगदी व्यवहारातलं कारणही आहे: पानावर ‘माझ्याकडे’ शोधलं तर साध्या शोधाला ‘माझ्या कडे’ सापडत नाही. त्याच्या दृष्टीनं ते दोन वेगळे शब्द आहेत.

एका ठिकाणी नियम थोडा ताणला जातो. ‘तुझ्या आणि माझ्यासाठी’. इथे ‘साठी’ चिकटलं आहे ‘माझ्या’ला, पण काम दोघांचं करतंय. बोलण्यात हे सर्रास येतं आणि खटकतही नाही. तरी ‘तुझ्या आणि माझ्या साठी’ असं तोडून न्याय करायला जाऊ नका. ‘तुझ्या-माझ्यासाठी’ लिहा, किंवा दोनदा पूर्ण लिहा: ‘तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी’.

शंका असेल तर पुण्यातूनच पूर्वी निघत असलेल्या ‘अंतर्नाद’ मासिकाचं व्याकरण सांभाळलेल्या यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ बघा. आणि तुमच्या ग्रुपमधली एखादी अशी जागा सापडली, जिथे जोडलं तरी एक अर्थ आणि तोडलं तरी दुसरा अर्थ होतो, तर स्क्रीनशॉट पाठवा. नावं झाकून, अर्थातच. पुढच्या भागात ‘मी सुद्धा’ की ‘मीसुद्धा’ यावर बोलू.