बिघाड फोनमध्ये नाही, राउटरमध्ये

घरातल्या सगळ्या फोनवर आणि लॅपटॉपवर एकदमच नको त्या जाहिराती येऊ लागल्या, साइट उघडायला वेळ लागू लागला, फोन फॉरमॅट करूनही फरक पडला नाही, अशी तक्रार एका वाचकांनी कळवली आहे. मोबाइल डेटावर तीच साइट झटकन आणि स्वच्छ उघडते, असंही ते लिहितात. या शेवटच्या वाक्यातच निदान आहे. सगळ्या उपकरणांना एकच दुखणं असेल आणि वाय-फाय सोडताच ते थांबत असेल, तर संशय राउटरवर घ्यायचा.

आपण साइटचं नाव टाइप करतो, पण जोडणी होते ती आकड्यांच्या पत्त्याशी. नावावरून पत्ता सांगण्याचं काम डीएनएस सर्व्हर करतो आणि कोणत्या सर्व्हरला विचारायचं हे बहुतेक घरांत राउटर ठरवतो. तिथला आकडा कुणी बदलला, की गावच्या फाट्यावरची पाटी फिरवल्यासारखं होतं. गाडी ठणठणीत असते, चालकही नीट चालवत असतो, पण पोचतो भलतीकडे. एकेका पानासाठी डझनावारी नावं विचारली जातात. उत्तर देणारा सर्व्हर दूरचा किंवा संथ असला, तर प्रत्येक प्रश्नामागे थोडा थोडा उशीर साचतो. जाहिरात पुरवणाऱ्या सर्व्हरच्या नावाला खोटा पत्ता दिला, की मूळ जाहिरातीच्या जागी परकी जाहिरात दिसते.

या धंद्याचं उघड झालेलं एक मोठं उदाहरण एस्टोनियातलं आहे. तार्तू शहरातल्या रोव्ह डिजिटल या कंपनीच्या टोळीने ‘डीएनएसचेंजर’ हा घातक प्रोग्रॅम पसरवला. तो संगणकातला डीएनएस बदलायचाच, शिवाय राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असेल तर त्यातही शिरायचा. ॲपलच्या आयट्यून्सच्या दुव्यावर क्लिक करणारा माणूस भलत्याच दुकानात जायचा आणि त्या क्लिकचे पैसे टोळीला मिळायचे. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने कारवाई केली, तेव्हा शंभराहून अधिक देशांतले सुमारे ४० लाख संगणक या जाळ्यात होते आणि कमाई किमान १ कोटी ४० लाख डॉलर होती.

अटकेच्या बातम्या गाजल्या, पण मला त्यापुढचं काम जास्त मोलाचं वाटतं. ते खोटे सर्व्हर नुसते बंद केले असते, तर लाखो लोकांचं इंटरनेट त्याच दिवशी ठप्प झालं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्याच पत्त्यांवर खरी उत्तरं देणारे सर्व्हर बसवण्यात आले. पॉल विक्सी आणि त्यांच्या इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम या ना-नफा संस्थेने ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले. लोकांना आपापली यंत्रं दुरुस्त करायला तेवढे आठ महिने मिळाले.

आता घरातला तपास. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे लिहा:

```
nslookup example.com
```

पहिल्या ओळींत उत्तर देणाऱ्याचा पत्ता येतो. तिथे `192.168.1.1` दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तो तुमच्याच राउटरचा पत्ता आहे, राउटर पुढे कुणाला विचारतो ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकून राउटरचं पान उघडा आणि WAN व DHCP या दोन्ही ठिकाणी DNS समोरचे आकडे वाचा. `85.255.112` ते `85.255.127` ही सुरुवात एस्टोनियाच्या टोळीच्या पत्त्यांपैकी एक होती. आज आकडे वेगळे असतील, म्हणून दिसलेला आकडा आपल्या इंटरनेट कंपनीकडून पडताळून घ्या.

आकडा परका निघाला, तर आधी कनेक्शनचं PPPoE युजरनेम आणि पासवर्ड कंपनीकडून घेऊन लिहून ठेवा. रीसेटनंतर ते पुसले जातात आणि घाईत इथेच बहुतेकांची अडचण होते. मग मागचं रीसेटचं बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरा. कनेक्शन पुन्हा भरा, ॲडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर अद्ययावत करा आणि बाहेरून राउटर हाताळू देणारं Remote Management बंद करा. राउटरने वाटलेला जुना पत्ता उपकरणं काही काळ धरून ठेवतात, म्हणून सगळी एकदा बंद करून चालू करा. मधल्या काळात बँकेच्या साइटवर प्रमाणपत्राचा इशारा डावलून पुढे गेला असाल, तर तिथला पासवर्डही मोबाइल डेटावरून बदला. खोट्या सर्व्हरला बँकेचं प्रमाणपत्र सहसा मिळवता येत नाही, म्हणूनच तो इशारा येतो.

आठवड्याने DNS चा आकडा पुन्हा वाचा. तो परत बदललेला दिसला, तर घरातलं एखादं उपकरणच राउटरला हात लावत असेल किंवा फर्मवेअरमध्ये छिद्र असेल. उपकरणं स्वच्छ निघाली आणि कंपनीने त्या मॉडेलचं अद्ययावतीकरण थांबवलं असेल, तर पुन्हा पुन्हा रीसेट करण्यात अर्थ नाही. राउटरच बदला.