टोक नसलेली वाट
पुंजविश्व : भाग ७ – वर्तुळावरचा कण

मागच्या भागात आपण कणाला सरळ पेटीत कोंडलं होतं. भिंतींशी तरंगफलन शून्य झालंच पाहिजे, एवढ्या एका अटीतून ऊर्जेच्या पायऱ्या निघाल्या होत्या. आज त्या भिंती काढून टाकू आणि वाटेची दोन टोकं एकमेकांना जोडू. कण आता r त्रिज्येच्या वर्तुळावरच फिरेल. त्याला अडवणारं काही नाही, वाट कुठे संपतही नाही. मग पायऱ्या उरतील का? उरतात, पण त्यांचं कारण वेगळं असतं.

वर्तुळावर कणाची जागा सांगायला एक कोन पुरतो. त्याला φ म्हणू. कणाचं वस्तुमान M असेल, तर जडत्व आघूर्ण I = Mr² होतं आणि श्रोडिंगरचं समीकरण असं दिसतं :

−(ħ²/2I) d²ψ/dφ² = Eψ

याचं उत्तर सोपं आहे : ψ = e^(imφ), आणि त्याची ऊर्जा E = m²ħ²/2I. इथवर m वर काहीच बंधन नाही. m = 0.37 घातला तरी समीकरण सुटतं. समीकरण प्रत्येक बिंदूच्या आसपास काय घडतं एवढंच सांगतं. वाट फिरून पुन्हा स्वतःला मिळते, ही गोष्ट त्याला ठाऊक नाही. ती आपण वेगळी सांगावी लागते :

ψ(φ + 2π) = ψ(φ)

हीच आवर्ती सीमा-अट. ती लावली की e^(i2πm) = 1 असावं लागतं, आणि ते m = 0, ±1, ±2, … अशा पूर्णांकांनाच जमतं. सोनार बांगडीवर वेलीची नक्षी कोरतो तेव्हा पानं पूर्ण संख्येत बसवतो. पावणेसात पानं बसवली, तर जोडावर अर्धवट पान उघडं पडतं. m म्हणजे त्या नक्षीची पूर्ण आवर्तनं, आणि m = 0 म्हणजे सपाट बांगडी.

इथे चाणाक्ष वाचक हटकतो : आपण मोजतो ती शक्यता, म्हणजे |ψ|². m = ½ घेतला तर एका फेरीनंतर ψ ची खूण फक्त उलटते आणि |ψ|² तसाच राहतो. मग बिघडलं कुठे? एकट्या अवस्थेत ते दिसतच नाही. m = 0 आणि m = ½ या दोन अवस्थांची बेरीज करून पाहा. शक्यता |1 + e^(iφ/2)|² म्हणजे 2 + 2cos(φ/2) येते. φ = 0 ला ती 4 आहे, आणि φ = 2π ला शून्य. पण हे दोन्ही कोन म्हणजे वर्तुळावरची एकच जागा. एकाच जागी कण सापडण्याची शक्यता सर्वाधिकही आणि शून्यही, हे चालणार नाही. म्हणून m = 0 मान्य असेल, तर ½ ला तिथे थारा नाही.

आता कोनीय संवेग. त्याचा कारक −iħ d/dφ आहे. तो e^(imφ) वर चालवला की mħ बाहेर पडतो आणि फलन जसंच्या तसं राहतं. म्हणजे या अवस्थेत कोनीय संवेग नेमका mħ आहे, त्यात कसलीही अनिश्चितता नाही. बोरने 1913 साली कोनीय संवेग ħ च्या पूर्णांक पटीत असतो हे गृहीत धरलं होतं. इथे ते गृहीत न धरता वाट बंद असल्यामुळे निघालं. फरकही आहे : बोरच्या पायऱ्या 1 पासून सुरू होत, आपल्या शून्यापासून होतात.

शून्याच्या पायरीवर विद्यार्थी हमखास अडखळतात. पेटीतल्या कणाची किमान ऊर्जा शून्य नव्हती, मग इथे ती शून्य कशी? पेटीत भिंतीशी शून्य होण्याच्या सक्तीमुळे तरंगाला वाकावंच लागत होतं आणि वाकण्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागत होती. वर्तुळावर ती सक्ती नाही. ψ सगळीकडे सारखा ठेवला तरी अट पाळली जाते. अनिश्चिततेचं तत्त्वही मोडत नाही, कारण कोनीय संवेग नेमका कळला की कण कुठल्या कोनात आहे हे मुळीच कळत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे परिघावर अर्ध्या तरंगलांब्या बसवणं. पेटीत ते चालतं. वर्तुळावर पूर्ण तरंगलांब्याच बसतात : 2πr = |m|λ. अर्धी तरंगलांबी उरली, तर तरंग जोडावर उलट्या खुणेने येऊन धडकतो.

ऊर्जेच्या सूत्रात m चा वर्ग आहे, त्यामुळे +m आणि −m यांची ऊर्जा एकच. एक अवस्था घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, दुसरी काट्यांच्या दिशेने. वर्तुळाला दिशेचं काहीच देणंघेणं नसल्यामुळे दोघींना सारखीच ऊर्जा लागते. एकाच ऊर्जेच्या एकाहून जास्त अवस्था असणं म्हणजे डिजनरसी. इथे शून्याची पायरी एकटी आहे, बाकी प्रत्येक पायरीवर जोडी आहे.

जोडी असली की तिच्यातून वेगळ्या अवस्थाही बनवता येतात. +1 आणि −1 ची बेरीज घेतली की cos φ मिळतो, वजाबाकीतून sin φ. ऊर्जा तीच राहते, पण cos φ ला ठरावीक फिरण्याची दिशा नाही. त्याच्या कोनीय संवेगाची सरासरी शून्य येते. त्यावरून ‘कोनीय संवेग शून्य आहे’ असं उत्तरपत्रिकेत लिहिलं जातं, ते चूक. प्रत्येक मोजणीत +ħ किंवा −ħ मिळतो, निम्मी-निम्मी शक्यता. शून्य एकदाही मिळत नाही.

ही जोडी किती पक्की? वर्तुळाच्या मधून चुंबकीय फ्लक्स गेला की सूत्रातल्या m मधून एक ठरावीक संख्या वजा होते, दोन दिशांमधला सारखेपणा जातो आणि +m, −m वेगळे होतात. दुसरा मार्ग म्हणजे वर्तुळाची गुळगुळीत वाट उंचसखल करणं. तो प्रत्यक्ष पाहायला बेंझीन घेऊ.

बेंझीनच्या षटकोनात सहा कार्बन अणू आहेत. प्रत्येकाचा एक π इलेक्ट्रॉन सगळ्या कड्यावर मोकळा फिरतो असं धरू. षटकोनाची बाजू आणि केंद्रापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर सारखंच असतं, म्हणून r = 0.139 नॅनोमीटर. यावरून ħ²/2Mr² सुमारे 1.97 इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतं. पायऱ्या मग अशा : m = 0 ला 0, ±1 ला 1.97, ±2 ला चौपट म्हणजे 7.89. पाउलीच्या नियमाने एका अवस्थेत दोनच इलेक्ट्रॉन मावतात. दोन तळाला, चार ±1 च्या जोडीत, आणि सहाही इलेक्ट्रॉन संपले. पुढची उडी ±1 वरून ±2 वर, 5.92 इलेक्ट्रॉन-व्होल्टची. म्हणजे सुमारे 210 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश.

प्रयोगात काय दिसतं? शोषणाचे तीन पट्टे : 180 नॅनोमीटरजवळ जोरदार, 204 जवळ मध्यम आणि 254 जवळ अगदी क्षीण. आपलं 210 त्यांच्या मध्ये पडतं, पण एकाचे तीन का झाले? उत्तर जोड्यांमध्येच आहे. उड्या चार प्रकारच्या आहेत. +1 वरून +2 आणि −1 वरून −2, यांत कोनीय संवेग एका एककाने बदलतो. +1 वरून −2 आणि −1 वरून +2, यांत तो तीन एककांनी बदलतो. प्रकाशाचा फोटॉन कड्यावरच्या इलेक्ट्रॉनचा m एकानेच बदलू शकतो. त्यामुळे पहिल्या दोन उड्यांना मुभा, दुसऱ्या दोघींना मनाई.

आपल्या मॉडेलमध्ये चौघींची ऊर्जा एकच आहे, कारण इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना ढकलणं आपण सोडून दिलं. ते धरलं की मुभा असलेली जोडी वर सरकते आणि 180 चा जोरदार पट्टा देते. मनाई असलेली जोडी खाली राहते आणि स्वतःही फुटते : 204 आणि 254. तीच का फुटावी? कार्बनच्या सहा अणुकेंद्रांमुळे कड्यावर सहा सारखे खळगे पडतात. असे सहा खळगे ज्यांच्या m मध्ये 6 चा किंवा त्याच्या पटीचा फरक आहे, अशाच अवस्था एकमेकींत मिसळवू शकतात. मनाई असलेल्या दोन उड्यांच्या +3 आणि −3 या बदलांमध्ये नेमका 6 चा फरक आहे, म्हणून ती जोडी तुटते. मुभा असलेल्या उड्यांच्या +1 आणि −1 मध्ये 2 चाच फरक, म्हणून ती शाबूत राहते. मनाई असूनही 254 चा पट्टा पुसट का होईना दिसतो, कारण रेणू थरथरताना षटकोन क्षणभर बिघडतो आणि नियम थोडा सैल पडतो. कड्यावरच्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांवरून असे पट्टे वाचण्याची ही पद्धत जॉन प्लॅट यांनी 1949 साली मांडली.

हाच फरकाचा नियम चार अणूंच्या सायक्लोब्युटाडाइनला लावू. चार इलेक्ट्रॉनांपैकी दोन तळाला जातात आणि ±1 च्या जोडीत दोनच उरतात, म्हणजे जोडी अर्धी भरलेली. चौरस आकारात चार खळगे आहेत आणि +1, −1 मध्ये 2 चा फरक, म्हणून जोडी शाबूत. पण चौरस जरा ताणून आयत केला, तर दर अर्ध्या फेरीनंतर तीच रचना पुन्हा येते, आणि आता 2 चा फरक असलेल्या अवस्था मिसळू शकतात. जोडी फुटते, एक पायरी खाली येते, एक वर जाते, आणि दोन्ही इलेक्ट्रॉन खालची पायरी पकडतात. रेणूचा यात फायदा आहे, म्हणून खरा सायक्लोब्युटाडाइन आयतच असतो : दोन बंध आखूड, दोन लांब. बेंझीनमध्ये जोडी पूर्ण भरलेली असल्याने असा फायदा नाही, म्हणून त्याचे सहाही बंध सारखे राहतात. हुकेल यांचा 4n + 2 चा नियम याच मोजणीतून येतो : तळाच्या एकट्या अवस्थेत 2, आणि वरच्या प्रत्येक भरलेल्या जोडीत 4.

मॉडेलच्या आकड्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. 210 हा आकडा खऱ्या पट्ट्यांच्या मध्ये पडला यात त्रिज्येच्या निवडीचाही हात आहे. त्रिज्या वर्गात येते, त्यामुळे ती पाच टक्क्यांनी कमी धरली तर ऊर्जा सुमारे अकरा टक्क्यांनी वाढते. विश्वास ठेवायचा तो मोजणीवर : किती अवस्था, कुठे जोडी, आणि कुठली जोडी कशाने तुटते.

या आठवड्याचा स्वाध्याय : अठरा कार्बनचं कडं आणि अठरा π इलेक्ट्रॉन असलेला अॅन्युलीन घ्या. बंधाची लांबी बेंझीनइतकीच धरा, म्हणजे त्रिज्या सुमारे तिप्पट होईल. शेवटची भरलेली जोडी कुठली आणि तिच्यावरून पुढच्या पायरीची उडी किती, ते काढा. उडी बेंझीनच्या सुमारे एक तृतीयांश आली, तर वाट बरोबर आहे. तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश अतिनील आहे की डोळ्यांना दिसणारा, हेही लिहा. पुढच्या भागात कण वर्तुळावरून गोलाच्या पृष्ठभागावर जाईल आणि प्रत्येक पायरीवरच्या जोडीच्या जागी 2ℓ + 1 अवस्था येतील.