भिंतीवरचा टीव्ही आणि पाठीमागच्या तारा

पूर्वीचा खोक्यासारखा टीव्ही टेबलावर असे. तार निघाली तर मागे हात घालून बसवता येई. आताचा सपाट संच भिंतीला चिकटतो, आणि मग पाठीमागे बोटही शिरत नाही. पेनड्राइव्ह लावायचा तर दोघांनी संच उचलून उतरवायचा, असे पुष्कळ घरांत चालते. याचे कारण एकच. भिंतीला भोके आधी पाडली जातात आणि तारांचा विचार नंतर होतो. हा क्रम उलटा करावा.

समजा, निफाडकडच्या एका घरात बत्तीस इंची संच लावायचा आहे आणि डीडी फ्री डिशचा सेट-टॉप बॉक्स आहे. प्रथम खाटेवर सपाट जागी गोधडी अंथरून संच पालथा ठेवा. पडद्यावर दाब येऊ देऊ नका. आता ज्या ज्या तारा लागणार, त्या सगळ्या खोबणीत बसवा. बॉक्सकडून येणाऱ्या एचडीएमआय तारेला हलकेच, नैसर्गिक वळण द्या आणि खोबणीपासून वळणाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. ते ६५ मिलिमीटर भरले असे धरू. खोबण संचाच्या पाठीत २० मिलिमीटर आत आहे, म्हणजे तार पाठीबाहेर ४५ मिलिमीटर येणार. दुकानदाराने दिलेला पक्का ब्रॅकेट संच भिंतीपासून २५ मिलिमीटरवर धरतो. म्हणजे जागा २० मिलिमीटर कमी पडते. तसाच दाबून लावला तर भिंत त्या प्लगला रात्रंदिवस रेटत राहील.

हा रेटा वाईट का? एचडीएमआयच्या प्लगला सहसा आटे नसतात, कुलूप नसते. तो नुसत्या घट्टपणावर बसतो. आतली खोबण छोट्या डागांनी सर्किटला जोडलेली असते. जड तार खाली ओढत राहिली किंवा भिंतीने दाब दिला, की आधी प्लग सैल होतो आणि पुढे डाग तडकतात. तार हलवली की चित्र येते, सोडली की No Signal दिसते, तेव्हा हेच झाले आहे असा संशय घ्यावा. आधी दुसरी तार लावून पाहा. तिच्यानेही तसेच झाले तर दोष खोबणीत आहे, आणि ते काम दुरुस्ती करणाऱ्याचे.

वरच्या घरात दोन मार्ग आहेत. एक, काटकोनी प्लग घेणे. हे वर वळणारे आणि खाली वळणारे, अशा दोन तऱ्हांचे मिळतात. आपल्याला कोणता हवा आणि तो शेजारची खोबण झाकतो का, हे संच पालथा असतानाच पाहा. दुसरा, पुढे ओढता येणारा हाताचा ब्रॅकेट. तो महाग पडतो, पण घरात मुले सारखा पेनड्राइव्ह लावत असतील तर मी तोच घेईन. काटकोनी प्लगावर भागवायचे तर यूएसबीची हातभर वाढीव तार संचाला कायमची लावून तिचे टोक खालच्या कडेशी आणावे. मग रोजची ओढाताण त्या टोकाला होते, संचाला नाही.

भिंतीचेही पाहा. विटेच्या भिंतीत गिलाव्याची जाडी धरू नये. स्क्रू विटेत पुरेसा गेला पाहिजे. मातीत बांधलेल्या काळ्या दगडाच्या भिंतीत सांध्यात भोक पाडाल तर माती गळून स्क्रू सैल होईल. तिथे अनेक दगडांत पक्की केलेली जाड फळी लावून तिच्यावर ब्रॅकेट बसवावा. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, आत वीज असते.

तारेचे वजन प्लगवर येऊ देऊ नये, ते ब्रॅकेटवर घ्यावे. प्लगपासून सुमारे वीतभर अंतरावर तार ब्रॅकेटला सैलसर बांधा. हाताचा ब्रॅकेट असेल तर तो पूर्ण पुढे ओढून मगच तार मापा आणि वर हातभर ढील ठेवा. सेट-टॉप बॉक्स तारांवर लोंबकळता ठेवू नये, त्याला छोटी फळी द्यावी. डिशची जाड तार बॉक्सला आट्यांनी बसते. ती मोडल्यासारखी दुमडू नये, मोठ्या गोलाईने वळवावी. बाहेरून भिंतीत शिरण्यापूर्वी ती भोकाच्या खाली उतरून पुन्हा वर यावी आणि भोकाचा उतार बाहेर असावा. नाहीतर त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात पाणी तारेवरून थेट घरात येते.

विजेचे सॉकेट संचाच्या मागे घेऊ नका, बाजूला घ्या. वळवाच्या आभाळात गडगडाट जवळ येण्याआधी प्लग आणि डिशची तार, दोन्ही हात लांबवून काढता आली पाहिजेत.