केबलमध्ये हरवलेलं घड्याळ

चार मीटर लांबीची एक कोअॅक्सियल केबल घेऊ. तिच्यातून विद्युत्-संकेत प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगानं धावतो, म्हणजे मीटरभर जायला साधारण 5 नॅनोसेकंद आणि चार मीटरला 20. या केबलच्या एका टोकाला 100 मेगाहर्ट्झचा क्लॉक जोडला आहे. त्याची पातळी दर 5 नॅनोसेकंदांनी पालटते, 0 चा 1 आणि 1 चा 0. दुसऱ्या टोकाला हाच क्लॉक 20 नॅनोसेकंद उशिरा, पण जसाच्या तसा दिसायला हवा. प्रत्यक्षात तो तसा दिसतोही.

आता हीच गोष्ट व्हीएचडीएल या हार्डवेअर वर्णन भाषेत लिहू. नवशिक्याला सहज सुचणारी ओळ अशी:

```vhdl
y <= clk after 20 ns;
```

सिम्युलेशन चालवलं की `y` ची रेघ सरळच राहते. तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत `U` लिहिलेलं असतं. म्हणजे या तारेला अजून कुठलीही किंमत मिळालेलीच नाही. कंपायलरची तक्रार नाही, चुकीचा इशारा नाही, आणि संपूर्ण क्लॉक गायब.

तो कुठे गेला, हे सिम्युलेटरच्या वहीत डोकावल्यावर कळतं. प्रत्येक तारेसाठी सिम्युलेटर पुढच्या बदलांची नोंद ठेवतो. शून्य वेळेला क्लॉक 0 आहे, म्हणून त्यानं नोंद केली: 20 व्या नॅनोसेकंदाला `y` 0 होईल. 5 व्या नॅनोसेकंदाला क्लॉक 1 झाला. नवी नोंद झाली, 25 ला `y` 1 होईल. पण ती लिहिताना त्यानं 20 ची जुनी नोंद खोडली, कारण तिची किंमत नव्या नोंदीपेक्षा वेगळी होती आणि ती अजून अमलात आली नव्हती. 10 ला क्लॉक पुन्हा 0 झाला, तेव्हा 30 ची नोंद आली आणि 25 ची गेली. क्लॉक चालू आहे तोवर प्रत्येक नोंद आपल्या वेळेच्या पंधरा नॅनोसेकंद आधीच खोडली जाते. गंमत अशी, की क्लॉक थांबवला तर शेवटची नोंद वाचते आणि 20 नॅनोसेकंदांनी `y` एकदाचा हलतो.

या खोडण्याच्या नियमाला इनर्शियल डिले, म्हणजे जडत्वाचा विलंब म्हणतात. व्हीएचडीएलमध्ये काही वेगळं सांगितलं नाही तर हाच लागू होतो. वरच्या उदाहरणात तो घातक ठरला, तरी भाषा रचणाऱ्यांनी तो उगीच निवडलेला नाही.

लॉजिक गेटच्या बाहेर पडणाऱ्या तारेला थोडी धारिता असते. तिला हंडा समजावं आणि गेटला नळ. हंडा निम्म्याच्या आसपास भरला की पुढचं गेट म्हणतं, 1 आला. नळ क्षणभर उघडून लगेच बंद केला तर हंड्याच्या तळाशी थोडं पाणी येतं आणि वाहून जातं. पुढच्या गेटला काही कळतच नाही. समजा, एका अँड गेटच्या एका टोकाला `a` आहे आणि दुसऱ्या टोकाला इन्व्हर्टरमधून आलेला उलटा `a`. तर्कानं उत्तर कायम 0. पण इन्व्हर्टरला 2 नॅनोसेकंद लागतात. `a` जर 10 व्या नॅनोसेकंदाला 1 झाला, तर 10 ते 12 या वेळात अँडची दोन्ही टोकं 1 असतात. अँड गेटचा विलंब 5 नॅनोसेकंद असेल, तर इनर्शियल नियमानुसार 15 ला 1 होण्याची नोंद 12 व्या नॅनोसेकंदाला खोडली जाते आणि बाहेर शांतता राहते. मंद गेट खरोखर असंच वागतं.

केबलमध्ये मात्र भरायचा असा एकच हंडा नसतो. ती शेतातल्या पाटासारखी असते. वरून एकामागून एक सोडलेली पानं आपापलं अंतर राखून खाली पोचतात. नंतरचं पान आधीच्याला बुडवत नाही. आपल्या चार मीटरमध्ये कुठल्याही क्षणी क्लॉकची पूर्ण दोन आवर्तनं वाटेवर असतात. त्यासाठी एक शब्द वाढवावा लागतो:

```vhdl
y <= transport clk after 20 ns;
```

हा ट्रान्सपोर्ट डिले. यात आधीच्या वेळेच्या नोंदी सुरक्षित राहतात, म्हणून क्लॉक 20 नॅनोसेकंद सरकून अखंड बाहेर येतो. व्हेरिलॉगमध्ये हा फरक शब्दानं नाही, लिहिण्याच्या पद्धतीनं पडतो: `assign #20 y = clk;` बारीक पल्स गिळतं, तर `always` च्या आतलं `y <= #20 clk;` ती जपतं.

मग सगळीकडे ट्रान्सपोर्टच वापरावं, असं वाटेल. पण वरच्या अँड गेटला ते लावलं तर 15 ते 17 या वेळात दोन नॅनोसेकंदांची पल्स बाहेर येते. पुढचं गेट ती पुढे ढकलतं, त्याच्या पुढचंही. कितीही बारीक पल्स कितीही गेट्समधून न झिजता जाते. अशी पल्स काउंटरच्या क्लॉकवर पोचली तर सिम्युलेशनमधला काउंटर एक जास्त मोजतो. वीजवापराचा अंदाजही फुगतो, कारण न झालेली उलथापालथ हिशेबात धरली जाते.

उलटी चूक मला जास्त धोक्याची वाटते. खरं गेट 5 नॅनोसेकंदांपेक्षा लहान प्रत्येक पल्स गिळेलच असं नाही. 4 ची पल्स थोडी बारीक होऊन निसटू शकते. साधा इनर्शियल नियम ती पुसून टाकतो आणि पडद्यावर सगळं स्वच्छ दिसतं. विलंब आणि गाळणीची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी असताना एकाच आकड्याला दोन्ही कामं दिल्याचा हा परिणाम. 1993 च्या व्हीएचडीएल प्रमाणकानं ही गाठ सोडवली:

```vhdl
y <= reject 3 ns inertial (a and na) after 5 ns;
```

आता विलंब 5 चाच, पण गाळणी 3 ची. 2 नॅनोसेकंदांची पल्स मरते, 4 ची वाचते. व्हेरिलॉगच्या `specify` भागात आणखी एक पायरी आहे. तिथे दोन मर्यादा देता येतात: खालच्या मर्यादेपेक्षा बारीक पल्स नाहीशी होते, वरच्या मर्यादेइतकी किंवा तिच्याहून रुंद पल्स पार होते आणि मधल्या पल्सच्या जागी `X` दिसतो. इथे काय होईल ते खात्रीनं सांगता येत नाही, हे सिम्युलेटर त्या `X` नं कबूल करतो. अर्धवट भरलेल्या हंड्याचं 0 आणि 1 च्या भाषेतलं ते सर्वांत प्रामाणिक वर्णन आहे.

तरीही गेटचं वागणं पूर्ण पकडलं जात नाही. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की बारीक पल्स गाळण्याच्या कसोटीवर दोन्ही प्रतिमानं वास्तवाशी फारकत घेतात. प्रत्यक्ष सर्किट अशी पल्स गाळू शकतं, पण ठरावीक वेळेत गाळेलच अशी हमी देऊ शकत नाही. इनर्शियल प्रतिमान ती हमी देऊन बसतं, आणि निव्वळ ट्रान्सपोर्टच्या गेट्सना गाळणं जमतच नाही.

कामाच्या मेजावर केबलचा तोच प्रश्न चिपच्या आत पुन्हा भेटतो. दोन गेट्समधल्या लांब तारेचा विलंब पल्सच्या रुंदीपेक्षा मोठा झाला, की इनर्शियल नियम ती पल्स तारेतच गिळतो. म्हणून मॉडेलसिम किंवा व्हीसीएससारख्या सिम्युलेटरांत `+transport_int_delays` हा पर्याय दिलेला असतो. तो जोडतारांना ट्रान्सपोर्टचा नियम लावतो. संशय आला तर तारेच्या सुरुवातीला आणि शेवटाला किती चढत्या कडा आल्या ते मोजावं. केबलमधून सुरुवातीला शंभर निघाल्या आणि शेवटी एकही पोचली नाही, तर बिघाड केबलमध्ये नाही, `transport` हा शब्द लिहायचा राहिला आहे.