बारा वाजायच्या आतली खीर

वैशाख पौर्णिमेला बौद्ध घरात सकाळी सर्वांत घाई असते ती खिरीची. सुजाताने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची ही आठवण. घरात कुणी अष्टशील पाळणारं असेल, तर ती बारा वाजायच्या आत तयार हवी. बहुधा ती आजीच असते.

तोवर घर झाडूनपुसून झालेलं असतं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार घालतात, पांढरे कपडे घालून सगळे समोर बसतात. मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं, पूजेचं साहित्य एवढंच. यात मागणं नसतं, नवस नसतो. फूल वाहताना म्हणायच्या पाली गाथेचा भावच असा, की हे फूल कोमेजेल तसं शरीरही. दिवा लावताना अंधार घालवणाऱ्याला वंदन. अर्थ सांगणारं कुणी नसेल तर मुलं ती गाथा पाढ्यासारखी म्हणून मोकळी होतात, आणि हे बऱ्याच घरांत होतं.

मग भन्ते, नाहीतर बौद्धाचार्य, तेही नसतील तर घरातलं वडीलधारं माणूस पुढे बोलतं आणि बाकीचे मागून म्हणतात. आधी त्रिसरण तीनदा, नंतर पंचशील: हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा यांपासून दूर राहीन. ‘करू नकोस’ अशी ही आज्ञा नाही. प्रत्येक जण स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनीही आधी स्वतः शील घेतलं आणि मग जमलेल्या लोकांना दिलं.

आजीचं अष्टशील एका दिवसापुरतं, पण कडक. व्यभिचाराच्या जागी पूर्ण ब्रह्मचर्य येतं. दुपारनंतर जेवण नाही. नाचगाणं, हार, अत्तर नाही, आणि उंच, मऊ बिछाना नाही. पाणी चालतं, म्हणूनच वैशाखाच्या उन्हात ते निभतं. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आठ शिलांचा हट्ट धरू नये. पाचांनाही कुणी कमी लेखत नाही.

खरी अडचण संध्याकाळी येते. विहारात वंदना होते, पुन्हा खीर वाटतात, आणि कुणीतरी आग्रहाने आजीच्या हातात वाटी देतं. ती हसून वाटी नातवाकडे सरकवते.

दानाचं मात्र फार बोलत नाहीत. दहा पारमितांत दान पहिलं, आणि शाळा जूनमध्ये उघडणार असते. म्हणून वस्तीतल्या एखाद्या मुलाच्या घरी वह्या पोचतात, कुणी रुग्णालयात जेवणाचे डबे देतं, कुणी रस्त्यावर पाण्याचे माठ भरून ठेवतं. फोटो काढून टाकणारेही आता वाढलेत. त्यांची वही वाईट नसते, पण घेणाऱ्या मुलाचा चेहरा त्यात नसावा.

शेजाऱ्यांनी बोलावलं तर जरूर जा. ‘जय भीम’ किंवा ‘नमो बुद्धाय’ म्हणा, आणि खीर आजीसोबत खायची असेल तर बाराच्या आत पोचा.